कांदा, गाजर आणि कोथिंबीर: चिरण्याचा क्रम कुठे चुकतो

माझ्या स्वयंपाकाच्या वर्गात पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच काम असतं. एक मध्यम कांदा पोह्यांसाठी चिरायचा. मी काही सांगत नाही, नुसती बघत उभी राहते. कुणी कांदा सोलून, दोन्ही टोकं उडवून, गोलच्या गोल पाटावर ठेवतं आणि तो पळतो. कुणी कांदा हातातच धरून अंगठ्याच्या दिशेने सुरी ओढतं. कुणी डाव्या हाताने कांदा सुरीखाली सरकवत राहतं. कांदा शेवटी चिरला जातो, पण निम्मे तुकडे नखाएवढे आणि निम्मे बोटाएवढे लांब. आणि मग प्रश्न ठरलेला, "ताई, माझा हात भरभर का चालत नाही?"

हात भरभर चालत नाही याचं मोठं कारण आपली जुनी सवय आहे. विळीवर पातं स्थिर असतं आणि भाजी आपण पात्यावर नेतो. पाटावर सुरीने चिरताना हे नेमकं उलटं होतं. भाजी जागेवर राहते आणि पातं चालतं. विळीची सवय असलेला हात सुरीपाशी येऊन भाजी ढकलू लागतो आणि बोटं आपणहून पात्याच्या वाटेत जातात. विळी वाईट आहे असं मी म्हणत नाही, नारळ खवायला मी आजही विळीच घेते. पण दोन्हींची रीत एक नाही, हे हाताला नव्याने शिकवावं लागतं.

खाली सगळं त्याच क्रमाने दिलं आहे ज्या क्रमाने मी शिकवते. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं वाचावं.

## १. सुरी उचलण्याआधी

पाट घट्ट बसवा. चॉपिंग बोर्ड लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा असावा आणि त्यावर सुरी आडवी ठेवली तर ती पूर्ण मावावी. एक सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा, बोर्डाएवढं पसरून त्याखाली घाला. फडकं फार ओलं राहिलं तर बोर्ड त्यावर तरंगल्यासारखा हलतो.

*तपासा: बोर्डाच्या कडेला तळहात लावून जोरात ढकला. तसूभर जरी सरकला तरी पुढे जाऊ नका.*

स्टीलच्या ताटात, काचेच्या बोर्डावर किंवा थेट ग्रॅनाइटच्या ओट्यावर चिरू नका. ताटात टोमॅटो कापायची सवय घराघरांत आहे आणि घरातली सुरी महिन्याभरात बोथट होण्याचं तेच मोठं कारण आहे. धार कठीण पृष्ठभागावर आपटली की दुमडते.

सुरी. फळं सोलायची चार इंची सुरी सोलण्यासाठी ठेवा. चिरायला सात-आठ इंच पात्याची, मुठीपाशी रुंद असलेली सुरी हवी. लोक मोठ्या सुरीला घाबरतात आणि छोटीने काम भागवतात. पण छोट्या सुरीचं पातं अरुंद असतं, त्यामुळे मूठ धरलेली बोटं खाली बोर्डावर आपटतात आणि भाजी धरलेल्या हाताला टेकायला पात्याची उंचीच मिळत नाही. पुढे तिसऱ्या टप्प्यात ही उंची का लागते ते कळेल.

धार. वर्तमानपत्राचा कागद एका हातात उभा धरा आणि सुरीने वरून खाली कापून बघा. सरळ कापला गेला तर धार ठीक, फाटला किंवा दुमडला तर नाही. दुसरी परीक्षा पिकलेल्या टोमॅटोची. दाब न देता, नुसत्या सुरीच्या वजनाने आणि पुढे सरकवण्याने साल कापली गेली पाहिजे.

*सावध: बोथट सुरी जास्त कापते, कारण ती भाजीत न शिरता सालीवरून घसरते आणि आपण तेवढ्यासाठीच तिच्यावर जास्त जोर लावलेला असतो.*

सुरीबरोबर मिळणारी गोल सळई नवी धार काढत नाही, किंचित दुमडलेली धार सरळ करते. सुरी अगदीच बोथट असेल तर ती धार लावण्याच्या दगडावरच न्यावी लागते.

भाजी धुवून कोरडी करा. ओला बटाटा आणि ओला कांदा हातातून निसटतो. शेजारी दोन भांडी ठेवा, एक चिरलेल्यासाठी, एक सालींसाठी. बोर्डावर ढीग साठला की बोटांना जागा उरत नाही आणि चुका तिथेच होतात.

## २. सुरी धरणारा हात

बहुतेक जण सुरी हातोडीसारखी धरतात, पाची बोटं मुठीवर. काही जण तर्जनी पात्याच्या पाठीवर लांब ठेवतात, जणू पेन्सिल. पहिल्या पकडीत पातं डावीउजवीकडे कलतं, दुसऱ्या पकडीत मनगट लवकर दुखतं आणि पातं फिरण्याची भीती राहतेच.

चिमटीची पकड अशी घ्या:

१. सुरी बोर्डावर आडवी ठेवा. अंगठा आणि तर्जनी यांनी मुठीला नव्हे, मुठीला लागूनच असलेल्या पात्याला दोन्ही बाजूंनी धरा. तर्जनी बाहेरच्या बाजूने वाकलेली, अंगठा आतल्या बाजूने सपाट.

२. उरलेली तीन बोटं मुठीभोवती अलगद गुंडाळा.

३. आता उचला. सुरीचं वजन चिमटीत तोललेलं वाटेल, टोक खाली झुकणार नाही.

*तपासा: तीन बोटं मुठीवरून सोडून द्या. नुसत्या चिमटीत सुरी सरळ राहिली तर पकड योग्य जागी आहे. अंगठ्याची कातडी पांढरी पडली असेल तर तुम्ही फार आवळताय.*

पहिल्या दिवशी तर्जनीला पात्याची पाठ टोचते, जरा विचित्र वाटतं. दोन-तीन दिवसांत सवय होते. पाठ फारच टोकदार असेल तर ती सुरीच चिरण्यासाठी नीट घडवलेली नाही, असं समजा.

## ३. भाजी धरणारा हात

जखमा याच हाताला होतात, म्हणून इथे जरा थांबू.

मांजर चालताना नख्या आत ओढून घेतं, तसा पंजा करायचा. बोटांची टोकं आत वळवा, म्हणजे नखं भाजीवर जवळजवळ उभी राहतील. मधल्या बोटाचं सांध्याचं हाड सगळ्यांत पुढे यायला हवं. अंगठा आणि करंगळी मागे, भाजीला दोन बाजूंनी आधार देत. अंगठा बाहेर डोकावला की पहिला तोच कापला जातो. मी बघितलेल्या जखमांत तर्जनीचं टोक आणि अंगठ्याची कड या दोनच जागा पुन्हा पुन्हा येतात.

आता पात्याची सपाट बाजू मधल्या बोटाच्या सांध्याला टेकवा. हो, टेकवा. इथे सगळे दचकतात. पण पातं बोटाला लागून वरखाली झालं तर ते कुठे आहे ते हाताला न बघता कळतं. ते दूर ठेवलं तर प्रत्येक वेळी अंदाज. धार सांध्याच्या वर कधी उचलायची नाही, एवढा एकच नियम पाळायचा. पात्याची उंची लागते ती यासाठी.

चिरत असताना पंजा मागे सरकतो, खेकड्यासारखा. सांधा जितका मागे सरकेल तितकी जाड चकती पडेल. म्हणजे जाडी ठरवतो भाजी धरणारा हात. सुरी फक्त वरखाली होते. "एकसारखं चिरता येत नाही" म्हणणाऱ्यांचा सुरीचा हात बहुधा बरा असतो, मागे सरकणारा हात अडखळत असतो.

*तपासा: सुरी न घेता, बोर्डावर काकडी ठेवून नुसता पंजा दहा वेळा मागे सरकवा. बोटांची टोकं उलगडू लागली तर पुन्हा सुरुवातीपासून.*

## ४. पातं कसं चालवायचं

सरळ खाली दाबू नका. धार सरकली की कापते, नुसती दाबली की चेपते. टोमॅटोचा रस बोर्डावर आला की समजा, दाबलं जातंय.

सुरुवातीला एकच हालचाल शिका: सुरीचं टोक भाजीच्या पुढच्या कडेवर, मग पातं खाली आणि पुढे एकाच वेळी. पात्याची टाच, म्हणजे मुठीजवळचा भाग, बोर्डाला लागली की एक काप पुरा. सुरी उचलून मागे आणा, पुन्हा तेच. टोक बोर्डावर टेकवून पातं झुलवायची रीत दिसायला छान, पण ती फक्त बुटक्या भाज्यांना जमते. उंच गाजरावर टोक टेकलेलंच राहिलं तर पातं तिरपं उतरतं.

आवाजाकडे लक्ष द्या. बरोबर जमलं की बोर्डावर हलकी टकटक येते. धाडधाड येत असेल तर सुरीवर जोर जास्त आहे आणि धार कमी.

## ५. सपाट बाजू: गाजराच्या काड्या आणि त्यातून चौकोन

आता मुख्य गोष्ट. गोल वस्तू बोर्डावर घरंगळते, म्हणून पहिला काप भाजी बसवण्यासाठी घालायचा. आधी सपाट बाजू, मग पट्ट्या, मग काड्या, मग चौकोन. हा क्रम बटाट्याला, बिटाला, आल्याला, सगळ्यांना लागू आहे. लोक मधला टप्पा गाळतात आणि मग चौकोन तिरके येतात.

हॉटेलांत ज्युलियन म्हणतात ते म्हणजे साधारण ३ मिमी जाड आणि ५ सेंमी लांब काड्या. फ्राइड राइस, नूडल्स, स्प्रिंग रोलला याच लागतात. सुरुवातीला शाळेची पट्टी बोर्डाशेजारी ठेवून ३ मिमी खरंच केवढं असतं ते बघा. बहुतेकांना ते वाटतं त्याहून बारीक निघतं.

एक मध्यम गाजर घ्या, जाड बाजूला साधारण अडीच सेंमी व्यासाचं.

१. सोला, देठ आणि शेपटी काढा. मग ५ सेंमीचे तुकडे करा. काडीची लांबी इथेच ठरते, नंतर ती दुरुस्त होत नाही.

२. एका तुकड्याच्या एका बाजूने दोन-तीन मिमीची चकती उभी उतरवा. ही उतरलेली कड बाजूला ठेवा, आमटीत जाईल.

३. तुकडा त्या सपाट बाजूवर पालथा घाला.

*तपासा: बोट लावून ढकला. डुलला तर सपाट बाजू पुरेशी रुंद नाही, आणखी थोडी उतरवा. डुलणाऱ्या भाजीवर सुरी चालवायची नाही.*

४. आता लांबीच्या दिशेने ३ मिमीच्या पट्ट्या कापा. सात-आठ पडतील. शेवटची पट्टी उभी कापायला गेलं की बोटांना जागा राहत नाही. उरलेला तुकडा आडवा पाडून मग कापा.

५. दोन किंवा तीन पट्ट्या एकावर एक ठेवा. जास्त नाही. चौथी पट्टी आली की चळत घसरते आणि काड्या वर जाड, खाली बारीक होतात.

६. पुन्हा लांबीच्या दिशेने ३ मिमी. एका तुकड्यातून चाळीस-पन्नास काड्या निघतात. कडेच्या काही अर्धगोल असतील, चालतं.

काड्यांचे चौकोन करायचे तर मूठभर काड्या एका रेषेत लावा, एका टोकाला सुरीच्या पाठीने थोपटून सारख्या करा, नव्वद अंशात वळवा आणि पुन्हा ३ मिमीवर चिरा. मिळाले ३ मिमीचे चौकोन. पुलावात किंवा मिक्स भाजीत मोठे हवेत? मग पट्ट्या कापतानाच मोजमाप बदला: १२ मिमीच्या पट्ट्या, १२ मिमीच्या काड्या, १२ मिमीचे तुकडे. पट्टीची जाडी हीच चौकोनाची बाजू.

बटाट्याला पट्ट्या कापल्यावर पिठूळ पाणी सुटतं आणि पट्ट्या पात्याला चिकटून वर येतात. त्या बोटाने काढू नका, सुरी बोर्डावर टेकवूनच काढा किंवा मधून मधून पातं ओल्या फडक्याने पुसा, पाठीकडून धारेकडे. धारेवरून लांबीच्या दिशेने फडकं ओढलं की फडकंही कापतं आणि बोटही.

लाल भोपळ्याचं वेगळं सांगते, कारण माझी एकुलती एक मोठी जखम त्याची आहे. अख्खा भोपळा बोर्डावर, सुरी मध्येच अडकली, मी तो डाव्या हाताने धरून उजव्याने सुरी हिसकली. भोपळा फिरला. अडकलेली सुरी कधी हिसकायची नाही. भोपळा आणि सुरी दोन्ही एकत्र उचलून बोर्डावर हळू आपटले की पातं पुढे उतरतं. त्याहून सोपं म्हणजे बाजारातूनच कापून घेतलेली फाक आणायची.

## ६. कांदा: मूळ शेवटपर्यंत ठेवा

कांद्याला निसर्गाने पट्ट्या आधीच दिल्या आहेत. पापुद्रे हेच आडवे काप. त्यांना जोडून ठेवतं ते मूळ. म्हणून मूळ कापलं की पापुद्रे सुटतात, कांदा विस्कटतो आणि तुकडे वेडेवाकडे होतात. दोन्ही टोकं आधी उडवायची सवय इथे नडते.

पोह्यांसाठी साधारण ५ मिमीचे तुकडे असं धरू.

१. शेंड्याकडचा एक सेंमी भाग उडवा. मुळाच्या फक्त दाढ्या तासा, मूळ राहू द्या.

२. कांदा कापलेल्या शेंड्यावर उभा करा. आता त्याला सपाट बाजू आहे. मुळाच्या मधून सरळ खाली, दोन भाग.

३. आता साल काढा. अर्ध्या कांद्याची साल अख्ख्याहून सहज निघते. पहिला पापुद्रा वाळकट, चामट असेल तर तोही.

४. एक अर्धा कांदा पालथा ठेवा, मूळ तुमच्यापासून दूर. सुरीचं टोक मुळापासून साधारण एक सेंमी अलीकडे रोवा आणि पातं तुमच्याकडे ओढत खाली न्या. मूळ कापायचं नाही. अर्ध्या कांद्यावर पाच-पाच मिमीवर दहा-अकरा उभे काप बसतात.

इथे एक बारकावा आहे. मधोमध पापुद्रे आडवे असतात, तिथे उभा काप त्यांना बरोबर छेदतो. पण दोन्ही कडांना पापुद्रे स्वतःच उभे असतात. तिथे उभा काप पापुद्र्याला समांतर जातो, छेदत नाही, आणि मग कडेचे तुकडे लांबच्या लांब निघतात. यासाठी पुस्तकांत कांद्याला बोर्डाशी समांतर आडवे काप घालायला सांगतात. मी नवशिक्यांना ते करू देत नाही. पातं आडवं करून तळहाताखालून चालवायचं हा या लेखातला सगळ्यांत धोक्याचा काप आहे. त्याऐवजी कडेला आलात की सुरी कलवा, जणू काप बोर्डाच्याही खाली कुठेतरी मध्यावर मिळायचे आहेत. मधला काप उभा, जसजसे कडेला जाल तसतसा तिरका. अगदी कांद्याच्या मध्याकडे रोखून तिरके काप घातले तर आतले तुकडे चुऱ्याएवढे होतात, म्हणून नेम थोडा खाली धरायचा.

*तपासा: कांदा उचलून मुळाने धरा. पंख्यासारखा थोडा उलगडेल, पण सुटणार नाही. सुटला तर काप मुळात गेलेत.*

५. कांदा नव्वद अंशात फिरवा, मूळ डाव्या हाताकडे. पंजा कांद्यावर. शेंड्याकडून ५ मिमीवर काप घ्या. प्रत्येक कापाबरोबर चौकोन आपोआप पडत जातील.

६. मुळाजवळ आलात की कांदा उभट होतो आणि डगमगतो. इथे थांबा. उरलेला भाग सपाट बाजूवर पाडा, दोन-तीन काप घ्या आणि मुळाचा गड्डा टाका. दोन रुपयांचा कांदा वाचवायला बोट घालायचं नाही.

मिसळीवर किंवा भेळेत घालायला याहून बारीक हवा असेल तर दोन्ही दिशांना अंतर निम्मं करा. चिरून झालेल्या ढिगावर पुन्हा पुन्हा सुरी मारून बारीक करू नका. कांदा ठेचला जातो, पाणी सुटतं, आणि अर्ध्या तासात कडवट वास येतो. भज्यांसाठी उभा कांदा चिरताना मात्र मूळ काढायचंच, कारण तिथे पापुद्रे सुटायलाच हवेत. मूळ तिरका काप देऊन पाचरीसारखं काढा आणि मुळाकडून शेंड्याकडे जाणाऱ्या रेषेत पातळ काप घ्या.

डोळ्यांचं पाणी: कांद्याच्या पेशी फुटल्या की डोळे चुरचुरवणारा वायू तयार होतो. धारदार सुरीने कमी पेशी चिरडतात. कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला तर वायू कमी सुटतो. सोललेला कांदा पाण्यात टाकून ठेवणाऱ्यांनी चिरण्याआधी तो पुसून घ्यावा, नाहीतर पापुद्रे एकमेकांवरून घसरतात. आणि डोळे भरून आले की सुरी आधी खाली ठेवायची. हाताने डोळे पुसत पुढे चिरायचं नाही.

## ७. कोथिंबीर: बारीक म्हणजे चटणी नव्हे

इथे एकच चूक सगळ्यांची: ओली कोथिंबीर. धुतल्या धुतल्या चिरली की पानं पात्याला चिकटतात, मग आपण त्यावर पुन्हा पुन्हा सुरी फिरवतो आणि हिरवा गोळा होतो.

१. जुडी निवडून धुवा, झटका, सुती फडक्यावर पसरून वीस मिनिटं पंख्याखाली ठेवा. हातात घेतल्यावर कोरडी लागली पाहिजे.

२. पानं एका बाजूला येतील अशी जुडी घट्ट गोळा करा आणि पंजाखाली दाबा. कोवळे देठ राहू द्या, चव त्यांतच जास्त. जाड, दोरीसारखे देठ रश्श्यासाठी काढा.

३. पानांच्या बाजूने २-३ मिमीवर एकदाच चिरत जा, 'पातं कसं चालवायचं' मधल्या खाली-आणि-पुढे हालचालीने. धार चांगली असेल तर कोशिंबिरीसाठी एवढंच पुरतं.

४. अजून बारीक हवी तर ढीग गोळा करा. आता टोक बोर्डावर टेकवा, डाव्या हाताचा तळवा पात्याच्या पाठीवर पुढच्या भागात ठेवा, बोटं सरळ आणि वर उचललेली. टोक न उचलता टाच वरखाली करत पंख्यासारखं फिरवा. एक फेरी, फार तर दोन.

*तपासा: बोर्ड हिरवा झाला का? झाला असेल तर रस बोर्डात गेला आणि कोथिंबीर तासाभरात काळी पडेल.*

लसूण आणि आलं या शेवटच्या पद्धतीनेच बारीक होतात, पण आल्याच्या आधी पट्ट्या, मग काड्या, मग तुकडे आणि मगच झुलवणं. आल्याचे दोरे आडवे कापले गेले नाहीत तर दाताखाली येतात. मिरची चिरताना बोटांना थोडं तेल लावा. नंतर साबणाने धुवा, नुसत्या पाण्याने तिखट जात नाही.

कोबीचं काही वेगळं नाही. चार फाका, आतला दांडा तिरका काढा, सपाट बाजू खाली. पचडीसाठी जितकी पातळ हवी तितका पंजा कमी सरकवा.

एका गोष्टीला मात्र हा सगळा लेख लागू नाही. खमंग काकडीसाठी काकडी चोचवतात, तळहातावर धरून उभे-आडवे छोटे वार करत, मग वरून पातळ साल उतरवल्यासारखी. त्याने काकडीचे कण ओबडधोबड राहतात आणि दाण्याचं कूट त्यांना धरतं, बोर्डावर केलेल्या चौकोनांना ते जमत नाही. ज्यांचा हात लहानपणापासून बसलाय त्यांनी खुशाल चोचवावी. बाकीच्यांनी काकडीच्या ३ मिमीच्या काड्या करून चौकोन चिरावेत आणि पाहुण्यांना चवीतला फरक सांगू नये.

## ८. सुरी खाली ठेवताना

चिरलेली भाजी बोर्डावरून भांड्यात ढकलायला सुरी उलटी करा आणि पाठीने ढकला. धारेने खरवडणं म्हणजे सकाळी लावलेली धार दुपारी घालवणं.

सुरी बोर्डाच्या मध्ये, धार तुमच्यापासून पलीकडे. कडेला ठेवली की कुणाचा तरी हात लागतो. पडली तर पकडायला जाऊ नका, पाय मागे घ्या आणि पडू द्या. दुसऱ्याला द्यायची असेल तर हातात देऊ नका, ओट्यावर ठेवा आणि त्याला उचलू द्या. भांड्यांबरोबर सिंकमध्ये साबणाच्या फेसाखाली सुरी टाकू नका. भांडी घासणाऱ्या मावशींच्या हातावर जुने व्रण असतात, त्यांतले किती फेसाखालच्या सुरीचे हे एकदा विचारून बघा. वापरून झाली की लगेच धुवायची, पुसायची आणि पात्याला टोपण किंवा जाड पुठ्ठ्याची म्यान घालून ठेवायची.

आणि तरी बोट कापलंच तर: आधी सुरी खाली ठेवा. जखम वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ फडक्याने घट्ट दाबा, हात छातीच्या वर धरा आणि दहा मिनिटं मध्ये उघडून न बघता दाबून ठेवा. हळद कोंबायची घाई करू नका. खोल जखमेत ती अडकते आणि डॉक्टरांना जखम साफ करायला त्रास होतो. दहा मिनिटांनंतरही रक्त थांबत नसेल, जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, बोट वाकत नसेल किंवा त्याचं टोक बधिर वाटत असेल, तर टाके लागतील असं धरून लगेच निघा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून ठेवा, तिथे पहिल्यांदा तेच विचारतात. बोर्डावरची भाजी मात्र रक्ताचा थेंब दिसत नसला तरी टाकून द्या, आणि बोर्ड व सुरी दोन्ही गरम पाण्याने साबण लावून धुवा.